तीनशे चौऱ्याऐंशी प्रश्नावल्या, पण प्रश्न कोणता?

पीएच.डी.चा आराखडा हातात पडला की तपासणारा आधी शीर्षक वाचतो, मग संदर्भग्रंथांची यादी चाळतो आणि जाता जाता शुद्धलेखनाच्या चार चुकांवर खुणा करतो. तेवढ्यात आराखड्याचा मुख्य दोष नजरेतून निसटतो, कारण तो कुठल्याही एका पानावर नसतो. संशोधनाचे प्रश्न एका पानावर असतात आणि पद्धती तीन-चार पानांनंतर येतात. दोन्ही पाने सुटी वाचली तर काहीच खटकत नाही. शेजारी शेजारी ठेवली की कळते, प्रश्न एक विचारला आहे आणि ठरवलेली पद्धत भलत्याच प्रश्नाचे उत्तर आणून देणार आहे.

हे का होते, याचे कारण साधे आहे. प्रश्न सुचतात विषयाच्या ओढीतून. पद्धतीचे पान मात्र पुष्कळदा विभागातल्या आधीच्या प्रबंधावरून उतरते. दोन्ही लिहिण्यात महिन्यांचे अंतर असते, कधी कधी मनःस्थितीचेही.

एक नमुना घेऊन हे पाहू. पुढचा आराखडा कुणा एका विद्यार्थ्याचा नाही. अशा विषयांवरच्या आराखड्यांत जे वारंवार दिसते ते एकत्र करून मी तो रचला आहे. शीर्षक असे : ‘ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास’. प्रकरणे पाच : प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन, निष्कर्ष व शिफारशी. पहिल्या प्रकरणात चार प्रश्न दिले आहेत. स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो? आईवडील मुलांना सोबत का नेतात? गेल्या दहा वर्षांत या परिस्थितीत काय बदल झाला? हंगामी वसतिगृहांची योजना कितपत परिणामकारक आहे?

तिसऱ्या प्रकरणात पद्धत आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन साखर कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर जायचे, मुलांना सोबत घेऊन आलेली 384 कुटुंबे ‘सहेतुक नमुना निवड’ पद्धतीने घ्यायची, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडून 45 बंद प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची, आणि टक्केवारी व काय वर्ग कसोटी वापरून विश्लेषण करायचे.

वरवर पाहता सगळे ठीक वाटते. विषय महत्त्वाचा आहे, नमुना मोठा आहे, संख्याशास्त्रही आहे. समितीपुढे हा आराखडा मंजूर होण्याची शक्यता बरीच.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. त्याआधी पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बहुधा नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे पहिले सत्र मूल गावात असते आणि दुसरे जवळजवळ पूर्ण सत्र कारखान्याच्या परिसरात जाते. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात. उरलेली आईबापांबरोबर कोपीवर जातात.

आता पहिला प्रश्न आणि त्याची पद्धत समोरासमोर ठेवू.

स्थलांतराचा शिक्षणावर काय परिणाम होतो, असे विचारणे म्हणजे ही मुले गेली नसती तर त्यांचे शिक्षण कसे झाले असते, असे विचारणे. जे घडलेच नाही ते पाहता येत नाही, म्हणून त्याच्या शक्य तितके जवळचे काहीतरी पाहावे लागते : त्याच गावातली, त्याच वर्गातली, तशाच घरातली पण न गेलेली मुले. आपल्या आराखड्यात अशी मुले कुठेच नाहीत. सगळी 384 कुटुंबे मुले घेऊन गेलेलीच आहेत. समजा, त्यांपैकी साठ टक्क्यांनी सांगितले की मूल तीन महिने शाळेत गेलेले नाही. हा आकडा कशाच्या तुलनेत जास्त? त्याच गावात राहिलेली किती मुले दुसऱ्या सत्रात शाळेत गैरहजर होती? त्याचे उत्तर या पद्धतीने कधीच मिळणार नाही, प्रश्नावल्या चारशे भरा नाहीतर चार हजार.

आणखी एक अडचण थोडी आतली आहे. जे कुटुंब मुलांना घेऊन जाते आणि जे जात नाही, त्यांच्यात इतरही फरक असतात. एकाकडे कोरडवाहू का होईना जमीन असते, दुसऱ्याकडे नसते. एकाच्या घरी धडधाकट आजी असते, दुसऱ्याच्या घरी कुणीच नसते. मुलगी मोठी असेल तर धाकट्याला सांभाळायला तिला नेले जाते. या सगळ्याचा शिक्षणाशी स्वतंत्र संबंध आहे. तेव्हा नुसती न गेलेली मुले आणून शेजारी उभी केली तरी दिसलेला सगळा फरक स्थलांतराच्या खात्यावर मांडता येत नाही.

मग काय करता येईल? शाळेच्या हजेरीपत्रकातच एक चांगला मार्ग दडलेला आहे. एकाच मुलाची दोन सत्रे पाहायची. कल्पनेतले आकडे घेऊ. गेलेल्या मुलांची सरासरी हजेरी पहिल्या सत्रात 85 टक्के होती आणि दुसऱ्यात 20 वर आली, म्हणजे 65 अंकांची घट. गावात राहिलेल्या मुलांची 88 वरून 76 वर आली, म्हणजे 12 अंकांची घट. ही दुसरी घट स्थलांतरामुळे झालेली नाही. दिवाळीनंतर ज्वारीची-हरभऱ्याची कामे, लग्नसराई, आजारपण यांमुळे हजेरी सगळीकडेच थोडी ढासळते. म्हणून 65 मधून 12 वजा करायचे, उरतात 53. या वजाबाकीत एक मोठा फायदा आहे. घरची गरिबी, आईचे शिक्षण, मुलाची हुशारी या गोष्टी दोन्ही सत्रांत त्याच असतात, त्यामुळे त्यांचा कायमचा परिणाम हिशेबातून बऱ्याच अंशी निघून जातो. पूर्ण निघतोच असे नाही. ज्या घरावर त्याच हंगामात दुसरे संकट आले त्या घराचा फरक यात मिसळतो. पण 384 प्रश्नावल्यांनी जे जमणार नव्हते ते पाच-सहा गावांच्या हजेरीपत्रकांवर बऱ्यापैकी जमते.

मात्र इथे तपासणाऱ्याने एक उपप्रश्न विचारायलाच हवा : ‘शिक्षण’ म्हणजे तुम्ही काय मोजणार? अनेक आराखड्यांत याचे उत्तर ‘गळती’ असे असते. गळतीचा आकडा शाळेच्या पटावरून काढला जातो आणि पटावर नाव राहते. मूल पाच महिने कोपीवर असले तरी नाव कमी झालेले नसते, मार्चनंतर ते परत वर्गात बसते आणि पुढच्या इयत्तेत जाते. कागदावर गळती जवळपास शून्य दिसेल आणि संशोधक निष्कर्ष लिहील की परिणाम नाही. शिकणे कमी झाले का हे पाहायचे असेल तर मुलाला वाचायला द्यावे लागेल. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात 2005 पासून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात. तशी छोटी चाचणी ऑगस्टमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये परत घेतली, तर शिकण्याबद्दल बोलायला आधार मिळतो. आपल्या आराखड्यात मुलांना काहीच विचारलेले नाही. शिक्षण मुलाचे आणि उत्तर बापाचे, असा प्रकार आहे.

आता 384 या आकड्याबद्दल. तो इतक्या प्रबंधांत भेटतो की ओळखीचा वाटू लागतो. 1970 साली क्रेजी आणि मॉर्गन या दोन अभ्यासकांनी नमुना किती मोठा असावा याचा एक तक्ता प्रसिद्ध केला. लोकसंख्या हजार असेल तर 278, दहा हजार असेल तर 370, दहा लाख असेल तर 384. हिशेब असा की, नमुन्यात एखादी गोष्ट साठ टक्के आढळली तर पूर्ण लोकसंख्येत ती साधारण 55 ते 65 टक्क्यांच्या दरम्यान असेल, असे 95 टक्के खात्रीने म्हणता यावे. तक्ता बरोबर आहे. पण त्याला एक अट आहे : नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे प्रत्येक कुटुंबाची निवड होण्याची संधी आधीपासून ठरलेली आणि माहीत हवी. त्यासाठी कुटुंबांची यादी लागते आणि त्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड करावी लागते. आपल्या विद्यार्थ्याने आकडा यादृच्छिक निवडीचा घेतला आहे आणि निवड मात्र सहेतुक केली आहे, म्हणजे जी कुटुंबे भेटतील, बोलतील ती. अशा नमुन्यात पाच टक्क्यांच्या त्या फरकाला काही अर्थ राहत नाही. काय वर्ग कसोटीने मिळणाऱ्या ‘सार्थकते’चीही तीच गत होते. आराखडा तपासताना हे दोन शब्द एकाच परिच्छेदात दिसले, वर 384 आणि खाली ‘सहेतुक’ किंवा ‘सोयीस्कर’, की पेन्सिल तिथे थांबलीच पाहिजे. सहेतुक निवड वाईट नाही. ती वेगळ्या प्रश्नासाठी आहे, आणि तो प्रश्न याच आराखड्यात दुसऱ्या क्रमांकावर बसला आहे.

आईवडील मुलांना सोबत का नेतात?

या ‘का’ला बंद प्रश्नावली उत्तर देऊ शकत नाही असे नाही. उत्तर मिळेल, पण ते संशोधकाने स्वतःच लिहून ठेवलेले असेल. प्रश्न क्र. 31 : ‘मुलांना सोबत आणण्याचे प्रमुख कारण कोणते?’ पर्याय : गरिबी, घरी सांभाळणारे कुणी नाही, वसतिगृहाची सोय नाही, इतर. कारणांची यादी अभ्यासातून निघायला हवी होती, ती अभ्यासाच्या आधीच छापून झाली. ‘घरी सांभाळणारे कुणी नाही’ यावर खूण करणाऱ्या दोन आयांचे म्हणणे एक नसते. एकीची सासू वारलेली आहे. दुसरीची सासू घरी आहे, पण वयात आलेल्या मुलीला तिच्या भरवशावर सहा महिने ठेवायचे धाडस होत नाही. धोरण आखणाऱ्याच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या अडचणी आहेत आणि तक्त्यात त्या एकाच टक्केवारीत मिसळून जातात.

इथे पंधरा-वीस कुटुंबांच्या सावकाश घेतलेल्या मुलाखती हव्यात. त्यांची निवड सहेतुकच करायला हवी : काही मुले नेणारी, काही आजीकडे ठेवणारी, काही वसतिगृहात ठेवणारी, आणि शक्य झाल्यास एखादे मूल नेऊन दुसरे मागे ठेवणारे घर. असे घर ‘का’च्या दृष्टीने सगळ्यात बोलके असते, कारण गरिबी तीच, आईबाप तेच, तरी निर्णय दोन झाले.

वेळ आणि जागाही तपासायला हवी, आणि आराखडे तपासताना हेच सगळ्यात जास्त सुटते. जानेवारीत कोपीवर मुलाखत घ्यायची म्हणजे कुणाची आणि केव्हा? माणसे पहाटे फडात जातात. संध्याकाळी परतल्यावर बाईला चूल पेटवायची असते. बोलताना मुकादमाचा माणूस आसपास असण्याची शक्यता असते, आणि ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्या देखत माणूस मोकळे बोलत नाही. शिवाय मुलांना न्यायचे की ठेवायचे हा निर्णय जानेवारीत होतच नाही. तो होतो उचल घेताना आणि निघायच्या आधीच्या आठवड्यांत. निर्णय कसा घेतला जातो हे समजून घ्यायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात असायला हवे. जानेवारीत मिळेल ते झालेल्या निर्णयाचे समर्थन.

तिसऱ्या प्रश्नावर फार वेळ घालवायला नको. दहा वर्षांतला बदल एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही. ‘दहा वर्षांपूर्वी कसे होते?’ असे विचारता येते, पण लोक आठवणीतून आजच्या भावनेचे उत्तर देतात. शाळेची जुनी हजेरीपत्रके आणि वसतिगृहांच्या लाभार्थ्यांच्या याद्या दहा वर्षांच्या सलग मिळाल्या तर हा प्रश्न ठेवावा. मिळतील की नाही हे आराखडा लिहिण्याआधी दोन शाळांत जाऊन पाहावे. नाही मिळाल्या तर प्रश्न काढून टाकावा. विद्यार्थी कुरकुरतात, कारण चार प्रश्नांचे तीन झाले की प्रबंध बारीक झाल्यासारखा वाटतो.

चौथ्या प्रश्नात मात्र एक गंमत आहे, आणि ती नमुन्याची व्याख्या पुन्हा वाचल्याशिवाय दिसत नाही. प्रश्न वसतिगृहांच्या परिणामकारकतेचा. विचारणार कुणाला? मुले सोबत घेऊन आलेल्या कुटुंबांना. म्हणजे ज्यांनी योजनेचा लाभ घेतला नाही नेमक्या त्यांनाच योजना कशी आहे हे विचारायचे. ते सांगतील की जेवण चांगले नसते, लक्ष देत नाहीत. काहींचा तो अनुभव असेल, काहींनी ऐकलेले असेल. ज्यांची मुले त्या वेळी वसतिगृहात जेवत आहेत आणि शाळेत जात आहेत ते पालक या 384 मध्ये येऊच शकत नाहीत, कारण त्यांना निवडीच्या अटीनेच बाहेर ठेवले आहे. या माहितीवरून योजना फसली असा निष्कर्ष निघाला तर तो नमुन्याने आधीच लिहून ठेवलेला होता असे म्हणावे लागेल.

प्रश्न आणि पद्धत यांची सांगड घालण्याचा विचार नवा नाही. रॉबर्ट यिन यांनी 1984 मध्ये आलेल्या व्यष्टी अध्ययनावरील पुस्तकात सरळ प्रश्नाच्या रूपावरून सुरुवात केली. कोण, कुठे, किती असे प्रश्न पाहणीकडे किंवा जुन्या नोंदींकडे नेतात; कसे आणि का हे प्रश्न व्यष्टी अध्ययन, इतिहास किंवा प्रयोग यांच्याकडे नेतात. जोसेफ मॅक्सवेल यांनी 1996 च्या पुस्तकात आणखी एक उपयोगी भेद आवर्जून सांगितला : संशोधनाचा प्रश्न म्हणजे मुलाखतीत विचारायचा प्रश्न नव्हे. संशोधनाचा प्रश्न आपल्याला काय समजून घ्यायचे आहे ते सांगतो, मुलाखतीतला प्रश्न ते समजण्यासाठी लागणारी सामग्री मिळवतो. आपल्याकडच्या कित्येक प्रश्नावल्यांत या दोहोंची सरमिसळ असते. ‘स्थलांतरामुळे तुमच्या मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो असे तुम्हाला वाटते का? होय / नाही.’ इथे संशोधकाने आपला प्रश्न तसाच मजुराच्या पुढ्यात टाकला आणि होय म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढून परिणाम सिद्ध झाला असे मानले. त्यातून कळते ते लोकांचे मत. मत जाणून घेणे हाही चांगला अभ्यास आहे, पण मग शीर्षकात तसे म्हणावे.

हे सगळे पकडायचे कसे? मला दोन युक्त्या भरवशाच्या वाटतात.

पहिली, उलटे वाचन. पहिले प्रकरण झाकून ठेवायचे आणि फक्त पद्धतीचे पान वाचायचे. कुणाकडून, कुठे, केव्हा, काय गोळा होणार आहे एवढेच पाहायचे आणि कागदावर लिहायचे की एवढ्या सामग्रीतून कोणत्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येईल. आपल्या नमुन्यात मी असे लिहीन : ‘दोन कारखान्यांच्या परिसरात मुलांसह राहणाऱ्या काही ऊसतोड कुटुंबांचे, मुलांच्या शिक्षणाविषयी, एका हंगामाच्या मध्यावर काय म्हणणे होते?’ आता पहिले प्रकरण उघडायचे. तिथे लिहिलेल्या चार प्रश्नांपैकी हा एकही नाही. दोन प्रश्नांमधले हे अंतर विद्यार्थ्याला तोंडी समजावून पटत नाही, पण दोन वाक्ये एकाखाली एक लिहून दाखवली की त्याला स्वतःलाच दिसते.

दुसरी युक्ती, रिकामे तक्ते. माहिती गोळा करण्याआधीच चौथ्या प्रकरणातले मुख्य तक्ते आखायला सांगायचे, आकडे न भरता. पहिल्या प्रश्नासाठी विद्यार्थी तक्ता आखेल : आडव्या ओळी दोन, ‘सोबत गेलेली मुले’ आणि ‘गावात राहिलेली मुले’, उभे रकाने दोन, पहिले सत्र आणि दुसरे सत्र. मग प्रत्येक घरात आकडा कुठून येणार ते विचारायचे. दुसऱ्या ओळीशी आला की तो थबकेल, कारण तिथे भरायला त्याच्याकडे काही येणारच नाही. ‘का’च्या प्रश्नासाठी तक्ता आखता येत नाही, म्हणून तिथे संभाव्य निष्कर्षाचा एक परिच्छेद लिहून मागावा, खोटा पण पूर्ण. त्यात ‘असे दिसते की मागे राहिलेल्या मुलांच्या घरी…’ असे वाक्य आले, तर लगेच विचारायचे : ही घरे तुमच्या नमुन्यात कुठे आहेत?

या कामात प्रकरणांची रचनाही बरेच काही सांगून जाते. चौथ्या प्रकरणाच्या उपशीर्षकांची यादी मागवावी. तक्ता 4.1 उत्तरदात्यांचे वय, 4.2 लिंग, 4.3 जात, 4.4 घराचा प्रकार, असे करत 45 प्रश्नांचे 45 तक्ते प्रश्नावलीच्याच क्रमाने येणार असतील, तर विश्लेषण संशोधनाच्या प्रश्नांवर उभे नाही, ते प्रश्नावलीवर उभे आहे. अशा प्रकरणात शेवटी कुठल्या तक्त्याने कुठल्या प्रश्नाचे उत्तर दिले ते लेखकालाही सांगता येत नाही. आपल्याकडच्या बाह्य परीक्षकांना हे प्रकरण चटकन ओळखू येते. तोंडी परीक्षेत ते काय विचारतील हेही सांगता येते : ‘तुमच्या पहिल्या उद्दिष्टाचे उत्तर कुठल्या पानावर आहे?’

विसंगती सापडली की काय करायचे? मार्ग दोनच, आणि कोणता घ्यायचा हे वेळ, पैसा आणि पायाखालचे रस्ते पाहून ठरवायचे. एक तर पद्धत बदलायची, नाहीतर प्रश्न बदलायचा. आपल्या आराखड्यात माझी शिफारस अशी राहील. पहिला प्रश्न ठेवावा, पण हजेरी आणि वाचन एवढ्यापुरता, बीड जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातल्या काही शाळांत, दोन्ही सत्रांची तुलना करून. दुसरा प्रश्न ठेवावा, मुलाखती गावात आणि पावसाळ्यात घ्याव्यात. तिसरा सोडावा. चौथा ‘परिणामकारकता’ या भारदस्त रूपात सोडून द्यावा आणि वसतिगृह वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या कुटुंबांचा निर्णय म्हणून दुसऱ्या प्रश्नात मिसळावा. मग प्रकरणांचा साचाही बदलतो. ‘माहितीचे विश्लेषण’ या एका पोत्यात सगळे भरण्याऐवजी एक प्रकरण हजेरी व वाचनाचे आणि एक प्रकरण न्यायचे-ठेवायचे या निर्णयाचे. प्रत्येक प्रकरण एका प्रश्नाचे उत्तर असते आणि विषयसूची वाचूनच प्रबंध काय सांगणार ते समजते. कोप्यांवरच्या 384 प्रश्नावल्या या नव्या आराखड्यात नाहीत. कोपीवर मूल दिवसभर काय करते, हे पाहायला संशोधकाने तिथे जरूर जावे, पण चार-आठ दिवस राहायला जावे.

माहिती आधीच गोळा झालेली असेल तर गोष्ट अवघड होते, आणि आराखडा उशिरा तपासला जातो तेव्हा बहुधा असेच असते. 384 प्रश्नावल्या भरून कपाटात पडल्या आहेत. अशा वेळी प्रश्न लहान करणे हाच प्रामाणिक मार्ग : शीर्षकातून ‘परिणाम’ काढायचा आणि या कुटुंबांचे अनुभव आणि मते यांचा अभ्यास असे म्हणायचे. जे करू नये ते असे की आकडेवारीत जे काही ‘सार्थक’ निघाले त्यावरून परिकल्पना लिहायची आणि ती आधीपासूनच होती असे दाखवायचे. नॉर्बर्ट कर यांनी 1998 मध्ये या सवयीवर एक गाजलेला लेख लिहिला होता. सवय मात्र अजून गेलेली नाही.

एक सावधगिरी तपासणाऱ्यासाठीही आहे. सगळ्याच प्रकारच्या संशोधनात आराखड्याच्या टप्प्यावर प्रश्न आणि पद्धत चपखल बसतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर प्रश्न क्षेत्रात गेल्यावरच आकार घेतो आणि पुढच्या मुलाखती कुणाच्या घ्यायच्या हे आधीच्या मुलाखतींवरून ठरते. कुणी अशा वाटेने जाणार असेल तर त्याच्याकडून रिकामे तक्ते मागणे चूक. पण मग त्याने आराखड्यात तसे स्पष्ट लिहायला हवे आणि शून्य परिकल्पना व काय वर्ग कसोटी यांची पाने काढून टाकायला हवीत. दोन्ही घोडी एकदम जुंपलेली दिसली तर विचारायचा अधिकार तपासणाऱ्याला आहे. प्रश्न आणि पद्धत नीट जुळूनही प्रबंध सामान्य निघू शकतो, हेही मान्य करायला हवे. जुळणी असली म्हणजे उत्तर मिळेल एवढेच. प्रश्न विचारण्याजोगा होता की नाही, हे तिने ठरत नाही.

विद्यापीठांतल्या समित्यांना आणि मार्गदर्शकांना एक विनंती करावीशी वाटते. आराखड्यासोबत प्रश्नावली मागता, तसा एक तक्ताही मागा. प्रत्येक प्रश्नासमोर लागणारी माहिती, ती कुणाकडून, कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळणार, आणि तिचे काय करणार. एका पानात मावतो. ज्या ओळीत रकाना रिकामा राहील त्या ओळीतला प्रश्न दुरुस्त झाल्याशिवाय प्रश्नावली छापायला परवानगी देऊ नका.